आपला ‘ल’ आणि 72 पानांचा अहवाल

आमच्या गावातल्या एका शिक्षणसंस्थेचा वार्षिक अहवाल दर वर्षी माझ्याकडे येतो. लिहिणारे पाच-सहा जण असतात, पण सगळं एकत्र करून छापखान्यात पाठवण्याचं काम माझ्या गळ्यात पडलेलं आहे. यंदा अहवाल 72 पानांचा झाला. शनिवारी संध्याकाळी मी त्याची एक छापील प्रत घेऊन अध्यक्षांकडे गेलो. ते निवृत्त मराठी शिक्षक, सगळे त्यांना सर म्हणतात. सोमवारी सकाळी फाइल छापायला जायची होती.

सरांनी चष्मा चढवला, पहिलं पान पाहिलं आणि ‘शाळा’ या शब्दावर बोट ठेवलं.

“हा ‘ल’ कुठला आहे?”

“म्हणजे सर?”

“हा हिंदीचा ‘ल’ आहे. उभ्या दांड्याचा. आपला ‘ल’ दोन पाकळ्यांचा असतो, मधे छोटा देठ. 2009च्या शासन निर्णयात मराठी ‘ल’ आणि ‘श’ कसे असावेत ते दाखवलंय. आपणच म्हणायचं की मुसलमानांची मुलंही मराठी शिकतात, आणि आपल्याच अहवालात मराठी अक्षर नाही?”

मी नीट पाहिलं. सरांचं बोट ‘शाळा’वर होतं आणि त्या शब्दात ‘ल’ नव्हताच, ‘ळ’ होता. पण शेजारच्या ‘मुलांची’मधे होता आणि तो खरोखर हिंदी वळणाचा होता. मंगल फॉन्टमध्ये तो तसाच येतो. विंडोजवर मराठी लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या वाट्याला हाच फॉन्ट आपोआप येतो, त्यामुळे आपल्याला ते खटकेनासं झालेलं आहे. सरांचं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडे काही नव्हतं. वर त्यांनी अजून एक सांगितलं, “आणि मथळे जरा मोठे करा, म्हाताऱ्यांनाही वाचायचंय.”

गेल्या वर्षी असाच एक बदल शेवटच्या रात्री निघाला होता. तेव्हा मी प्रत्येक मथळा माऊसने निवडून एकेकाचा फॉन्ट आणि आकार बदलला होता. सकाळी पाच वाजता संपलं, आणि जलशात छापील प्रत हातात आल्यावर दिसलं की चार मथळे जुनेच राहिले होते. यंदा तसं करायचं नाही हे ठरवलेलं होतं. पुण्याला कॉलेजात शिकणारी माझी भाची सुट्टीवर घरी होती. ती म्हणाली, “मामू, हे एकेक करत बसायचं कामच नाही. थीमचा फॉन्ट बदला, सगळा अहवाल बदलेल.”

तिचं बरोबर होतं. पण मराठी अहवालाला ते जसंच्या तसं लागू पडत नाही, हे आम्हाला रात्री साडेदहाला कळलं. ते का, आणि मग काय केलं, ते सांगतो. कारण मराठीत, त्यातून मराठी आणि उर्दू एकत्र, अहवाल करणाऱ्या कुणालाही हीच ठेच लागणार आहे.

आधी मूळ कल्पना. वर्डमध्ये परिच्छेदाला दोन तऱ्हेने फॉन्ट देता येतो. एक, मजकूर निवडायचा आणि वरच्या पट्टीतून फॉन्टचं नाव निवडायचं. मग ते नाव त्या मजकुराच्या अंगावर चिकटतं. दुसरं, मजकुराला फक्त त्याचं काम सांगायचं: तू मुख्य मथळा, म्हणजे `Heading 1`, तू पोटमथळा, म्हणजे `Heading 2`, तू साधा मजकूर, म्हणजे `Normal`. या स्टाइलींमध्येही मुळात फॉन्टचं नाव नसतं. तिथे फक्त एवढंच लिहिलेलं असतं की ‘मथळ्यांचा जो फॉन्ट असेल तो’ किंवा ‘मजकुराचा जो असेल तो’. तो फॉन्ट कुठला, हे थीममध्ये एकाच जागी लिहिलेलं असतं. म्हणून तिथे एकदा बदललं की सगळीकडे बदलतं. घरात प्रत्येकाला वेगळं सांगण्याऐवजी फळ्यावर एकदा लिहिण्यासारखं आहे ते. मात्र ज्याच्या हातात आधीच वेगळी चिठ्ठी दिली आहे, तो फळ्याकडे बघत नाही.

भाचीने सरांना हवा तसा, मराठी वळणाचा ‘ल’ असलेला एक मोफत युनिकोड फॉन्ट उतरवून घेतला. मग `Design` टॅबवर `Fonts`, तिथे सगळ्यात खाली `Customize Fonts`. मथळ्याचा फॉन्ट आणि मजकुराचा फॉन्ट, दोन्ही जागी तेच नाव निवडलं, `Save` केलं.

पडद्यावर काहीतरी हललं. पण ‘मुलांची’मधला ‘ल’ जागच्या जागी, दांड्यासकट. बदललं काय, तर मजकुरातले इंग्रजी शब्द आणि इंग्रजी कीबोर्डवरून टाकलेले बरेचसे आकडे.

“मामू, हे तर मराठीला लागूच झालं नाही.”

हीच खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. थीम बदलल्यावर फक्त इंग्रजी बदललं आणि मराठी तसंच राहिलं, तर तुमची फाइल बिघडलेली नाही. तुम्ही चुकीच्या रांगेत उभे आहात. वर्ड प्रत्येक अक्षरासाठी एकाहून जास्त फॉन्ट जवळ ठेवतो. एक रोमन लिपीसाठी. एक चिनी-जपानीसारख्या पूर्व आशियाई लिप्यांसाठी. आणि एक ज्याला तो `Complex scripts` म्हणतो त्या लिप्यांसाठी, म्हणजे जिथे अक्षरं एकमेकांत मिसळून आकार बदलतात किंवा जी उजवीकडून लिहिली जातात. देवनागरी या तिसऱ्या रांगेत. अरबी, उर्दू, हिब्रूही त्याच रांगेत. आम्ही बदललेल्या दोन्ही जागा रोमनच्या होत्या.

मग मंगल आला कुठून? भाचीला असल्या गोष्टी उघडून पाहायची खोड आहे. वर्डची `.docx` फाइल म्हणजे खरं तर एक झिप असते. तिने फाइलची एक प्रत करून तिच्या नावाचा शेवट `.zip` केला आणि आतली `word/theme/theme1.xml` उघडली. आम्ही बदल करण्याआधीच्या प्रतीत मजकुराच्या फॉन्टखाली हे होतं, मधल्या बऱ्याच ओळी गाळून देतो:

```
<a:latin typeface="Calibri"/>
<a:cs typeface=""/>
<a:font script="Arab" typeface="Arial"/>
<a:font script="Deva" typeface="Mangal"/>
```

यातला `cs` म्हणजे ती तिसरी रांग, आणि तिथे नावच नाही, रिकामं आहे. रिकामं असलं की वर्ड खालच्या लिपींच्या यादीकडे जातो, आणि देवनागरीसमोर मंगल लिहिलेला आहे. आपण कुणी मंगल निवडलेला नसतो, तरी तो येतो तो असा.

उपाय सोपा निघाला, पण तो आधी दिसतच नव्हता. `File`, मग `Options`, मग `Language` इथे लेखनाच्या भाषांमध्ये मराठी जोडलेली नसेल, तर वर्ड त्या तिसऱ्या रांगेच्या जागा दाखवतच नाही. माझ्या संगणकावर ती जोडलेली नव्हती. जोडली, वर्ड बंद करून पुन्हा उघडला, पुन्हा `Customize Fonts`मध्ये गेलो. आता रोमनच्या दोन जागांशिवाय `Complex scripts`च्याही दोन जागा होत्या, मथळ्याची वेगळी आणि मजकुराची वेगळी. तिथे नवा फॉन्ट निवडला, आणि यावेळी पडद्यावरची अक्षरं खरोखर पालटली. दोन पाकळ्यांचा ‘ल’ आला.

पण सगळीकडे नाही. अंदाजे निम्मी पानं पालटली आणि निम्मी मंगलमध्येच राहिली. हे ते चिठ्ठीवाले. ज्यांनी आपापले भाग लिहून पाठवले होते त्यांनी फॉन्ट हाताने दिलेला होता, आणि मथळा म्हणजे त्यांच्या लेखी साधा मजकूर निवडून ठळक आणि मोठा केलेला. दिसायला मथळा, पण वर्डच्या दृष्टीने `Normal`. असे खोटे मथळे ओळखायचे असतील तर `View` टॅबवर `Navigation Pane`ला टिचकी द्या. डावीकडे मथळ्यांची यादी येते, आणि त्यात फक्त खरे मथळे असतात. आमच्या अहवालात मला कागदावर 41 मथळे मोजता आले, यादीत मात्र 17च होते.

भाची घाईत होती. तिने `Ctrl+A` दाबून सगळं निवडलं आणि `Ctrl+Space` दाबलं. अक्षरांना हाताने दिलेलं सगळं त्याने निघून जातं, आणि अक्षरं आपल्या स्टाइलकडे परततात. मंगल गेला खरा. पण त्याबरोबर दोन भलत्याच गोष्टी झाल्या.

हिशेबनिसांच्या सहा पानांची इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी झाली. आणि शेवटच्या उर्दू पानावरची नस्तालीक जाऊन तिथे कसलीतरी सरळसोट अक्षरं आली. मी म्हटलं, “गेलं सगळं!” ती म्हणाली, “काही गेलं नाही,” आणि `Ctrl+Z` दाबलं. दोन्ही परत आलं. पण कोडं सोडवल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हतं.

हिशेबनिसांचं कोडं जुनं आहे. युनिकोड रुळण्याआधी डीटीपीवाले ज्या मराठी फॉन्टांमध्ये काम करत, त्यांत मजकूर मराठी नसतोच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार काढून दाखवतो. फॉन्ट काढून घेतला की आतलं खरं रूप उघडं पडतं. म्हणजे अशा मजकुराला फॉन्ट हा वरचा पोशाख नसतो, तो मजकुराचाच भाग असतो, आणि थीम कितीही बदलली तरी तो मजकूर तिच्यामागे जाऊ शकत नाही. ओळखायची रीत सोपी आहे: दोन ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. मराठी दिसली तर युनिकोड आहे, खिचडी दिसली तर नाही. आम्ही ती सहा पानं एका रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणली आणि मग मी ती मूळ कागदाशी ओळीओळीने ताडली. तसं करावंच लागतं, कारण पहिली वेलांटी आणि रफार या दोन जागी रूपांतरात चुका राहतात. ‘खर्च’मधला रफार हिशेबाच्या पानावर कितीदा येतो ते मला त्या रात्री कळलं.

उर्दूचं कोडं आमच्यासारख्यांच्या वाट्याला खास येतं. वर सांगितलं तसं, देवनागरी आणि उर्दू दोघी एकाच तिसऱ्या रांगेत उभ्या आहेत. त्या रांगेत थीमला एकाच फॉन्टचं नाव देता येतं. आपण तिथे मराठी फॉन्ट लिहिला, आणि त्या फॉन्टमध्ये उर्दू अक्षरं नाहीतच. मग संगणक कुठून तरी दुसरा फॉन्ट उसना आणतो, आणि तो बहुधा नस्ख वळणाचा असतो. वाचता येतं, पण उर्दू वाचणाऱ्या आमच्या बुजुर्गांना ते परकं वाटतं. सरांना हिंदीचा ‘ल’ जसा वाटला, अगदी तसंच.

म्हणजे एका अहवालात दोघींना थीमवर सोडता येत नाही. ज्या भाषेचा मजकूर जास्त, तिला थीम द्यायची आणि दुसरीला तिची स्वतःची स्टाइल. आम्ही उर्दूसाठी दोन नव्या स्टाइली केल्या. एक संपूर्ण उर्दू परिच्छेदांसाठी, जिच्यात दिशा उजवीकडून डावीकडे आणि `Complex scripts`चा फॉन्ट Noto Nastaliq Urdu. दुसरी अक्षरांची स्टाइल, म्हणजे `New Style` करताना `Style type` या जागी `Character` निवडलेली, मराठी ओळीत मधेच येणाऱ्या उर्दू नावांसाठी. तिच्यातही तोच फॉन्ट. फॉन्टचं नाव इथे मुद्दाम थेट लिहायचं, कारण या मजकुराने थीमकडे बघायचंच नाहीये. तरी काम एकाच जागी राहतं: पुढच्या वर्षी उर्दूचा फॉन्ट बदलायचा झाला तर या दोन स्टाइलींत बदलायचा, संपलं.

एक सावधगिरी. `Ctrl+Space` हे अक्षरांची स्टाइलही काढून टाकतं. म्हणून सफाई आधी आणि उर्दूची स्टाइल नंतर. हाच क्रम आम्ही दुसऱ्या फेरीत पाळला. यावेळी सगळा अहवाल एकदम न निवडता भागाभागाने गेलो, कारण सफाईत मजकुरातले तिरपे आणि ठळक शब्दही साधे होतात, ते पुन्हा करावे लागतात. पानाच्या वरची पट्टी, तळाची पट्टी आणि चौकटीतला मजकूर `Ctrl+A`मध्ये येत नाही, तिथे वेगळं जावं लागतं. संस्थेचं नाव प्रत्येक पानावर वरच्या पट्टीत होतं आणि ते शेवटपर्यंत मंगलमध्येच होतं, हे मला पहाटे दिसलं.

खोट्या मथळ्यांचं काम मात्र वाटलं होतं त्याहून लवकर झालं. एका खोट्या मथळ्यात कर्सर ठेवायचा. `Home` टॅबवर उजव्या टोकाला `Select` आहे, त्यात सारख्या दिसणाऱ्या सगळ्या मजकुराची निवड करण्याची सोय आहे. त्या एका टिचकीत त्याच लेखकाचे सगळे तसले मथळे निवडले जातात. मग स्टाइलींच्या पट्टीतून `Heading 2`, आणि आधीचं काही चिकटून राहिलं तर `Ctrl+Space`. प्रत्येक लेखकाची मथळे करण्याची तऱ्हा वेगळी होती, पण एकाची तऱ्हा सगळीकडे एकच होती. त्यामुळे 24 खोटे मथळे पाच-सहा खेपांत खरे झाले.

आता सरांचं दुसरं म्हणणं, मथळे मोठे. `Heading 1`वर उजवी टिचकी, `Modify`, मग खाली `Format`, त्यात `Font`. इथेही तीच दुहेरी रांग आहे: वर रोमनचा फॉन्ट आणि आकार, खाली `Complex scripts`चा फॉन्ट आणि आकार. आकारही वेगळे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. रोमनचा आकार 18 केला आणि खालचा तसाच सोडला, तर मथळ्यातलं ‘2024-25’ फुगतं आणि शेजारचं मराठी तेवढंच राहतं. आम्ही दोन्हीकडे 20 दिला. फॉन्टच्या जागी मात्र काही नाव लिहिलं नाही. खालच्या जागी `+Headings CS` असंच ठेवलं, म्हणजे ‘मथळ्यांचा थीममधला जो असेल तो’. साध्या मजकुरात त्या जागी `+Body CS` असतं. इथे कुणी फॉन्टचं नाव निवडलं की ती स्टाइल थीमपासून तुटते, आणि पुढच्या वेळी थीम बदलल्यावर सगळं बदलतं पण मथळे मागे राहतात. तसं झालं तर पहिली नजर याच जागी टाकावी.

मथळे 20चे झाल्यावर काहींच्या वेलांट्या आणि रफार वरून कापलेले दिसू लागले. ओळींमधलं अंतर `Exactly` असं पक्क्या आकड्याला बांधलेलं होतं, आणि अक्षर वाढलं तरी ओळीची उंची वाढली नव्हती. देवनागरीला शिरोरेषेच्या वर जागा लागते, नस्तालीकला तर त्याहून खूप जास्त. अंतर `Single` केलं आणि रफार परत आले. हेही स्टाइलमध्येच केलं, म्हणून एकदाच करावं लागलं.

शेवटी भाचीने एक परीक्षा घेतली. फाइलची प्रत काढून तिच्यात थीमचा देवनागरी फॉन्ट मुद्दाम एक अगदी वेगळा, जाडजूड निवडला आणि पानं वरपासून खालपर्यंत फिरवली. जे जाड झालं नाही ते अजून चिठ्ठीवालं. वरच्या पट्टीतलं संस्थेचं नाव याच परीक्षेत सापडलं, आणि एका तक्त्यातला एक रकानाही. उर्दू पान जागचं हललं नाही, आणि ते हलायला नकोच होतं. गेल्या वर्षी मी प्रत्येक मथळा डोळ्यांनी शोधला होता आणि तरी चार सुटले. यावेळी न बदललेलंच उठून दिसत होतं.

नवा फॉन्ट मंगलपेक्षा ओळीला कमी जागा घेतो, त्यामुळे 72 पानांचा अहवाल 66वर आला. म्हणजे अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे सगळे चुकीचे झाले. ते आपोआप सुधारत नाहीत. अनुक्रमणिकेवर कर्सर ठेवून `F9` दाबायचं आणि संपूर्ण सारणी नवी करा असं निवडायचं. सगळे मथळे आता खरे असल्यामुळे त्यात 41च्या 41 आले. मग फाइल पीडीएफ करूनच छापखान्याला दिली, कारण त्यांच्या संगणकावर तो फॉन्ट असेलच असं नाही, आणि नसला की पुन्हा मंगल यायला वेळ लागत नाही.

सोमवारी सकाळी छापखान्यात जाण्याआधी सरांकडे गेलो. त्यांनी पहिलं पान पाहिलं, ‘ल’ पाहिला, मान हलवली. मग शेवटचं उर्दू पान उघडलं. त्यांना उर्दू वाचता येत नाही. तरी ते थोडा वेळ त्या पानाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “हेही आपल्या वळणाचं आहे ना?”

“हो सर.”

“मग ठीक. आता मला सांगा, मथळे थोडे लहान केले तर?”

मी त्यांच्यासमोरच लॅपटॉप उघडला. `Heading 1`, दोन्ही आकार 20चे 18 केले, अनुक्रमणिका नवी केली, पीडीएफ पुन्हा काढली. त्यांचा चहा अजून अर्धाच संपला होता.